भिंतीतली तुटलेली केबल आणि घरमालकाला पाठवायचा निरोप

भाड्याच्या फ्लॅटमध्ये भिंतीच्या आतून गेलेली ब्रॉडबँडची केबल तुटली, की इंटरनेट भाडेकरूचे बंद पडते आणि दुरुस्ती मात्र मालकाच्या भिंतीत करावी लागते. केबल कंपनीची जबाबदारी बहुतेक वेळा जिन्याजवळच्या डक्टमधल्या बॉक्सपर्यंत असते. पुढचा पाइप बिल्डरने प्लास्टरखाली गाडलेला असतो आणि तो फ्लॅटचाच भाग असतो. त्यामुळे मालकाला पाठवायचा निरोप ही इंटरनेटची तक्रार नसते. भिंतीबाबत एक निर्णय मागणारे ते पत्र असते, आणि तो निर्णय मालकाला घरबसल्या घेता यावा एवढी माहिती त्यात असावी लागते.

पुण्यातल्या कोथरूडसारख्या भागातला एक नेहमीचा प्रसंग घेऊ. दोन बेडरूमचा फ्लॅट, मालक नाशिकला राहतात. हॉलमध्ये टीव्हीच्या वर फळी हवी होती, म्हणून मालकांनीच ओळखीचा सुतार पाठवला. त्याने ड्रिलने चार भोके पाडली, फळी बसवली आणि तो गेला. त्याच दुपारी इंटरनेट गेले. वाय-फायचे नाव मोबाइलवर दिसत होते, पण एकही पान उघडेना. फायबरच्या मशीनवरचा ‘एलओएस’ नावाचा दिवा लाल होऊन लुकलुकत होता. मशीनपर्यंत प्रकाशच पोचत नाही, असा या दिव्याचा अर्थ. भिंतीतली केबल तुटली हे मात्र त्यावरून सिद्ध होत नाही. रस्त्यावर खोदकामात मोठी केबल तुटली, तरी हाच दिवा असाच लागतो. शिवाय मशीनच्या मागची हिरव्या टोकाची पिन ढिली झाली किंवा तिथली वायर दुमडली, तरीही तो लागतो.

म्हणून मालकाला लिहिण्याआधी तुटण्याची जागा कळायला हवी. पहिली चौकशी शेजाऱ्यांकडे. त्याच कंपनीची शेजारची लाइन चालू असेल, तर बिघाड बहुधा आपल्याच फ्लॅटच्या वाटेवर असतो. नंतर कंपनीचा तंत्रज्ञ दोन साध्या उपकरणांनी तपासणी करतो. पॉवर मीटर केबलमधून येणाऱ्या प्रकाशाची ताकद मोजतो. हा आकडा डीबीएममध्ये आणि उणे येतो. उणे १९ म्हणजे उत्तम, उणे २७ च्या खाली गेला की नेहमीचे घरगुती मशीन लाइन धरत नाही. या प्रसंगात डक्टमधल्या बॉक्सवर उणे १९ आले आणि हॉलमध्ये काहीच आले नाही. म्हणजे दोष या दोन टोकांच्या मधे होता, आणि मधे होती फक्त भिंत.

दुसरे उपकरण पेनसारखे असते. ते केबलच्या टोकातून डोळ्यांना दिसणारा लाल लेसर सोडते. काच जिथे तुटलेली असेल तिथे हा उजेड बाहेर सांडतो. तंत्रज्ञाने डक्टच्या बाजूने पेन लावले आणि फळीच्या ब्रॅकेटचे स्क्रू एकेक करून काढले. उजव्या ब्रॅकेटच्या भोकात लाल ठिणगीसारखा उजेड दिसला. ही जागा टीव्हीमागच्या इंटरनेटच्या बॉक्सच्या बरोबर वर होती, आणि त्यात नवल नव्हते. भिंतीतला पाइप बॉक्सपासून बहुधा सरळ उभा जातो आणि प्लास्टरखाली दोन-अडीच सेंटिमीटरवरच असतो. ड्रिल सहज चार-पाच सेंटिमीटर आत जाते. बोर्डाच्या थेट वर किंवा थेट खाली भोक पाडू नये हा नियम सुतारांना माहीत असतो, पण तो ते विजेच्या बोर्डापुरता पाळतात. तपासणीत एक पथ्य मात्र पाळायचे: फायबरच्या टोकात डोळा घालून बघायचे नाही. चालू लाइनमधला प्रकाश अवरक्त असल्याने दिसत नाही, आणि पेनचा लाल लेसरही डोळ्यांत जाऊ नये.

एवढे हातात आल्यावर निरोप लिहिता येतो. व्हॉट्सअॅपवर तो असा जाऊ शकेल:

‘नमस्कार काका. हॉलमधल्या टीव्हीच्या भिंतीतली इंटरनेटची केबल तुटली आहे, तिच्या दुरुस्तीसाठी तुमची परवानगी हवी होती. शनिवारी दुपारी सुतारांनी फळी बसवली, त्यानंतर लगेच मशीनवर लाल दिवा लागला. आज केबलवाल्यांचा माणूस येऊन तपासून गेला. डक्टमधल्या बॉक्सपर्यंत लाइन नीट आहे, आत येत नाही. उजव्या ब्रॅकेटचा स्क्रू काढल्यावर भोकातून तपासणीचा लाल उजेड दिसतो. फोटो पाठवते आहे. विजेचे बोर्ड चालू आहेत, तिथे काही बिघाड दिसत नाही.

तो म्हणतो, भिंत न फोडता त्याच पाइपातून नवीन केबल ओढून बघू. केबल आणि मजुरी धरून १,२०० रुपये सांगितलेत. पाइप फुटला असेल आणि केबल पुढे सरकली नाही, तर ती खालच्या स्कर्टिंगवरून क्लिपांनी आणता येईल. भिंत फोडायची वेळ आली तर तुम्हाला विचारल्याशिवाय काही करणार नाही.

तो गुरुवारी सकाळी ११ वाजता येऊ शकतो. बोलावू का? फळीचे काम तुमच्याकडून झाले होते, म्हणून हा खर्च तुमच्याकडे यावा असे वाटते. मी भरून बिल पाठवू, की तुम्ही परस्पर द्याल?’

पहिल्याच वाक्यात काय झाले आणि काय हवे, हे दोन्ही आले आहे. ‘इंटरनेट बंद आहे, ऑफिसचे काम अडले आहे, लवकर काहीतरी करा’ असा निरोप गेला, तर मालक साहजिकच म्हणतात, ‘केबलवाल्याला फोन करा.’ त्यांचे तसे म्हणणे चूकही नसते, कारण भिंतीचा संबंध त्यांना कोणी सांगितलेलाच नसतो. सुताराचा उल्लेख इथे आरोप म्हणून येत नाही. आधी काय झाले, नंतर काय झाले, एवढाच क्रम सांगितला आहे आणि निष्कर्ष फोटोंवर सोडला आहे. पैशाची गोष्ट शेवटी आली असली, तरी ती गुळमुळीत नाही. आकडा, त्याचे कारण आणि देण्याची पद्धत, तिन्ही एका दमात आहेत. भिंत फोडण्याचा मुद्दा टाळलेला नाही, पण तो आश्वासनाच्या रूपात आला आहे. मालकांच्या मनात सर्वांत मोठी धास्ती नव्या रंगाची असते.

भोक भाडेकरूनेच पाडले असेल, तर निरोपाचा सांगाडा तोच राहतो आणि पैशाचे वाक्य उलटते: ‘पडद्याचा रॉड लावताना माझ्याकडून केबल तुटली, खर्च मी करते, फक्त परवानगी हवी आहे.’ हे लपवण्यात हशील नाही. भोक आणि त्याच्यामागचा तुटका पाइप फ्लॅट सोडताना अनामत रकमेच्या हिशेबात दिसतोच.

मालकांचा पुढचा प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: तुटली तिथेच जोडता येणार नाही का? तांब्याची वायर पिळून टेप लावली की चालते, या अनुभवातून तो येतो. फायबरची काच केसाएवढी, १२५ मायक्रॉन जाडीची असते. तिची दोन टोके यंत्रात समोरासमोर धरून वितळवून जोडतात. चांगल्या जोडाने प्रकाशाचे नुकसान जवळपास होत नाही. पण टोके यंत्रापर्यंत आणण्यासाठी दोन्ही बाजूंना हातभर ढील लागते, आणि पाइपात ताणून बसलेल्या केबलला ती नसते. ढील मिळवायची, तर भिंत मोठी फोडून तिथे कायमचा बॉक्स बसवावा लागेल. जोड तसाच प्लास्टरखाली गाडला, तर पुढच्या बिघाडात तो शोधणार कोण? म्हणून अख्खी केबल बदलणे हाच स्वस्त उपाय ठरतो.

गुरुवारी काम असे चालते. ब्रॅकेटचा स्क्रू आणि प्लगही काढायचा, नाहीतर तोच वाटेत आडवा येतो. जुन्या केबलचे दोन तुकडे दोन्ही बाजूंनी ओढून काढायचे. बॉक्सकडच्या तुकड्याची लांबी मोजली आणि ती भोकाच्या उंचीशी जुळली, की तुटण्याच्या जागेबद्दल शंका उरत नाही. मग इलेक्ट्रिशियन ज्याला स्प्रिंग म्हणतात ती लवचीक पट्टी पाइपात सारायची. ड्रिलने पाइपाची कड आत वळली असेल, तर स्प्रिंग एका बाजूने अडते आणि दुसऱ्या बाजूने सारल्यावर कधीकधी निघते. नवीन केबल तिच्या टोकाला बांधून हळू ओढायची. केबलला पिन मात्र नंतर लावायची, कारण पिन लावलेले टोक पाइपाच्या कोपऱ्यात अडकते. स्प्रिंग कुठूनच गेली नाही, तर केबल स्कर्टिंगवरून आणावी लागते. तेव्हा कोपऱ्यात ती काटकोनात दुमडू नये, साधारण ३ सेंटिमीटर त्रिज्येचे वळण द्यावे. आणि एक गोष्ट कुणी सुचवली तरी करू नये: शेजारच्या विजेच्या पाइपातून इंटरनेटची केबल ओढणे. केबलमध्ये आधाराला लोखंडी तार असेल, तर ते थेट धोक्याचे आहे.

मालकांनी उत्तरच दिले नाही तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम १४ नुसार वेगळा करार नसेल, तर जागा राहण्याजोगी ठेवणे मालकाचे काम आहे. किमान १५ दिवसांची नोटीस देऊनही वाजवी वेळेत दुरुस्ती झाली नाही, तर भाडेकरू ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करू शकतो. एका वर्षात ही वजावट वर्षाच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापेक्षा जास्त होता कामा नये. पण पुण्या-मुंबईतले बहुतेक ११ महिन्यांचे करार ‘लीव्ह अँड लायसन्स’चे असतात. त्यांत राहणारा कायद्याच्या भाषेत भाडेकरू नसून परवानाधारक असतो, त्यामुळे हे कलम त्याला सरळ लागू होत नाही. कलम २९ मालकाला अत्यावश्यक सेवा तोडण्यास मनाई करते. तिथे पाणी, वीज, जिन्यातले दिवे, लिफ्ट आणि स्वच्छता यांची नावे आहेत, इंटरनेटचे नाही. तेव्हा खरा आधार करारातले दुरुस्तीचे कलम हाच असतो. किरकोळ दुरुस्ती राहणाऱ्याची आणि भिंती, नळ, वायरिंग यांची मोठी दुरुस्ती मालकाची, अशी विभागणी पुष्कळ करारांत असते. निरोपाला दोन-तीन दिवस उत्तर आले नाही, तर तोच मजकूर त्या कलमाचा क्रमांक घालून ई-मेलने पाठवावा. विचारल्याशिवाय भाड्यातून पैसे कापणे हा सगळ्यात महागात पडणारा मार्ग. १,२०० रुपयांचा वाद अनामत रकमेपर्यंत जायला वेळ लागत नाही.

लाइन सुरू झाल्यावर तंत्रज्ञाकडून हॉलमधला आकडा पुन्हा मोजून घ्यावा. डक्टमध्ये उणे १९ असेल, तर आत तो उणे २० च्या आसपास यायला हवा. उणे २५ आला तर पिन नीट बसलेली नाही किंवा केबल कुठेतरी दबली आहे, आणि ते माणूस निघण्याआधीच दुरुस्त करून घ्यायचे. मालकांना शेवटचा निरोप जातो तो बिलाचा, या आकड्याचा आणि पाइपाच्या वाटेवर पेन्सिलने रेघ मारलेल्या भिंतीच्या फोटोचा, म्हणजे सरकवलेल्या ब्रॅकेटचे नवीन भोक कुठे पाडायचे नाही हे सुतारालाही दाखवता येते.