नमुना एक, माल दुसरा

शाळेच्या गणवेशासाठी इचलकरंजीहून कापडाचे तागे आले, पण सही करून ठेवलेल्या तुकड्याशी ताडून पाहिल्यावर वीण विरळ आणि रंग फिका निघाला, असं समजा. अशा वेळी आधी फोनवर भांडू नये आणि कात्रीही लावू नये. कापड एकदा बेतलं की कायद्याच्या नजरेत माल स्वीकारला जातो. मग सहसा फक्त भरपाई मागता येते.

१९३०च्या मालविक्री कायद्याचं कलम १७ सांगतं की माल नमुन्याशी जुळलाच पाहिजे आणि ताडून बघायला वाजवी संधी मिळाली पाहिजे. गप्प बसून माल ठेवून घेतला, तरी तो स्वीकारल्यात जमा. म्हणून नोटीस लगेच हवी. ‘माल हलका आहे’ एवढं मोघम लिहून भागत नाही. बिल क्रमांक, पोचल्याची तारीख, कोणत्या ताग्यात काय फरक आढळला हे लिहावं. पुढे स्पष्ट म्हणावं: ‘माल नाकारत आहोत, दिलेली रक्कम पंधरा दिवसांत परत करावी, माल आपण उचलून न्यावा.’

वेगळं ठरलं नसेल, तर परत पाठवण्याची जबाबदारी कलम ४३नुसार खरेदीदारावर नाही. तोवर तागे कोरडे, वेगळे ठेवावेत. सहीचा तुकडा मात्र कुणालाही देऊ नये.