एकच पाय सुजला तर...

२००३चं इराक युद्ध. एनबीसी वाहिनीचे ३९ वर्षांचे वार्ताहर डेव्हिड ब्लूम अमेरिकी सैन्याबरोबर बगदादकडे निघाले होते. दिवसरात्र चिलखती वाहनात, झोपायचं तेही गुडघे पोटाशी घेऊन. पाय दुखू लागला, तेव्हा त्यांनी फोनवरून डॉक्टरांना विचारलं. शिरेत गुठळी असू शकते, लगेच उपचार घ्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. ब्लूम काम करत राहिले आणि ६ एप्रिलला अचानक कोसळले. पायातली गुठळी सुटून फुफ्फुसात अडकली होती.

पोटरीचे स्नायू आखडतात तेव्हा खोलवरच्या शिरांमधलं रक्त वर हृदयाकडे ढकललं जातं. पाय बराच काळ हललाच नाही, की ते रक्त साचतं आणि कधी गोठतं. वाट अडली की पाय सुजतो, दुखतो, गरम लागतो.

अडचण अशी, की स्नायूला इजा झाली, त्वचेखाली जंतुसंसर्ग झाला किंवा गुडघ्यामागची पाण्याची गाठ फुटली, तरी पाय असाच दिसतो. नुसत्या नजरेनं अनुभवी डॉक्टरही खात्री देऊ शकत नाहीत.

समजा, गर्भाशय काढण्याची शस्त्रक्रिया होऊन दोन आठवडे झालेल्या एका बाईंचा डावा पाय सुजला आहे. डॉक्टर आधी साधी टेप काढतात. गुडघ्याखालच्या हाडाच्या उंचवट्यापासून १० सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजतात: उजवी ३४, डावी ३८. फरक ३ सेंटिमीटरपेक्षा जास्त म्हणजे एक गुण. नुकती झालेली शस्त्रक्रिया, दुसरा. शिरेच्या रेषेवर दाबल्यावर दुखतं, तिसरा. सुजेवर बोट दाबलं की खळगा राहतो, चौथा. दुसरं काही कारण तितकंच संभवत असेल तर दोन गुण वजा होतात. इथं तसं काही नाही. दोन गुणांनाच संशय पक्का धरतात, इथं तर चार आहेत.

संशय कमी असता तर डी-डायमर ही रक्तचाचणी पुरली असती. ती निर्दोष आली की गुठळीची शंका मिटते. पण शस्त्रक्रियेनंतर ती तशीही वाढलेलीच येते. म्हणून या बाईंची थेट सोनोग्राफी. जांघेत आणि गुडघ्यामागे यंत्राचा दांडा दाबून शीर पाहतात. निरोगी शीर दाबली की चपटी होते, गुठळी असलेली होत नाही. इतकी सोपी ही तपासणी आहे! संशय दाट असून काही दिसलं नाही, तर आठवड्यानं ती पुन्हा करतात, कारण पोटरीतली लहान गुठळी वर सरकू शकते.

गुठळी सापडली तर रक्त पातळ ठेवणारी औषधं सहसा किमान तीन महिने घ्यावी लागतात. ती गुठळी वाढू देत नाहीत. विरघळवण्याचं काम शरीर हळूहळू करतं.

आपल्याकडे सुजलेला पाय दिसला की तेलाची बाटली निघते. निदान होईपर्यंत मालीश करू नका, गुठळी सुटण्याचा धोका असतो. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. दम लागला, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त आलं, तर वाट न पाहता १०८ला फोन करा.