सतरा नंबरचा पोर्ट

तक्रार नेहमीचीच होती, "नेट स्लो आहे." पण त्या कार्यालयात इंटरनेट ठीक चाललं होतं. अडकला होता तो फक्त लेखा विभाग. तिथले चाळीस संगणक एका व्हीलॅनवर होते, म्हणजे एकाच स्विचच्या आत वेगळ्या पाडलेल्या जाळ्यावर. सकाळी अकरापर्यंत काम सुरळीत चाले. नंतर शेजारच्या टेबलावरच्या संगणकाला पाठवलेला पिंगसुद्धा, जो एका मिलिसेकंदात परत यायला हवा, तो तीनशे मिलिसेकंद घेई, कधी परतच येत नसे. प्रिंटर मध्येच गप्प होत. त्याच स्विचवरचे बाकीचे विभाग मात्र निर्धास्त होते.

ईथरनेटवर माहिती जाते ती फ्रेम नावाच्या पाकिटांतून. पाकीट किमान ६४ बाइटचं असावं लागतं आणि साधारणपणे १५१८ बाइटपर्यंत मोठं चालतं. व्हीलॅनची खूण जोडली की १५२२. त्याहून लहान भरलं तर ते रंट, मोठं भरलं तर जायंट. नेटवर्क कार्ड खराब होऊ लागलं की पाकीट अर्धवट तोडतं किंवा संपवायचंच विसरतं.

इथे अनेकांची गफलत होते. आजचे बहुतेक स्विच आधी संपूर्ण फ्रेम आत घेतात, तपासतात आणि नासकी फ्रेम तिथेच टाकून देतात. जुन्या हबवर मात्र ती सगळ्यांपर्यंत पोचे. मग चाळीस जणांचं काम का थांबावं? कारण हेच आजारी कार्ड अधूनमधून एखादी नीट बांधलेली ब्रॉडकास्ट फ्रेमही पाठवतं आणि तीच पुन्हापुन्हा, थांबल्याशिवाय. ब्रॉडकास्ट म्हणजे सगळ्यांना उद्देशून मारलेली हाक. स्विचला ती त्या व्हीलॅनच्या प्रत्येक पोर्टवर द्यावीच लागते. प्रिंटरसारखी ज्यांची जोडणी १०० मेगाबिटची होती, ती यंत्रं सर्वांत आधी बुडाली. रंट हा पुरात वाहून आलेला कचरा, पाणी ब्रॉडकास्टचं.

वायरशार्क लावून रंट दिसतील असं वाटतं, पण लॅपटॉपचं स्वतःचं कार्डच खराब फ्रेम आधी फेकून देतं. ब्रॉडकास्ट मात्र दिसतात. आमच्या लॅपटॉपवर एकाच मॅक पत्त्यावरून त्यांचा सतत मारा दिसत होता. रंटसाठी स्विचचीच मोजणी वाचावी लागते. सिस्कोच्या कॅटॅलिस्ट स्विचवर आम्ही आधी जुने आकडे पुसले, दहा मिनिटं थांबलो आणि मग पाहिलं:

```
clear counters
show interfaces counters errors
show mac address-table
```

आकडे पुसणं महत्त्वाचं, कारण वर्षभरात साचलेले दोनशे रंट काहीच सांगत नाहीत. दहा मिनिटांत `Gi1/0/17` वर `Runts` चार हजारांवर आणि `Giants` ३७ झाले होते. बाकी सगळीकडे शून्य. मॅक पत्त्यांच्या यादीतही तो पत्ता याच पोर्टसमोर निघाला. दोन वेगळ्या वाटा एकाच दारापाशी आल्या.

तरी लगेच कार्डाला दोष देऊ नये. स्विच फुल डुप्लेक्सवर आणि संगणक हाफवर असेल तरीही स्विचच्या पोर्टवर रंट वाढतात, कारण संगणक टक्कर झाली असं समजून फ्रेम मध्येच तोडतो. आमच्याकडे दोन्ही टोकं फुल होती. फक्त जायंट दिसत असतील, तर बऱ्याचदा कुणीतरी त्या संगणकावर ९००० बाइटच्या जंबो फ्रेम सुरू केलेल्या असतात. तो बिघाड नाही, ती सेटिंगची चूक.

यापुढे एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी केबल बदलली. रंट तसेच वाढत राहिले. मग तो संगणक तेवीस नंबरच्या पोर्टवर नेला आणि सतरावर माझा लॅपटॉप लावला. सतरावर शून्य, तेवीसवर रंटची रांग. दोष संगणकाबरोबर फिरला म्हटल्यावर पोर्ट आणि भिंतीतली वायर सुटली. संगणकात दुसरं कार्ड बसवून मदरबोर्डवरचं कार्ड बायॉसमधून बंद केलं, तेव्हा मोजणी थांबली. अकरानंतरच त्रास का, तेही कळलं. खोका उघडला तेव्हा पंखा धुळीने जाम होता. संगणक तापला की कार्ड बिघडत होतं.

स्विच मॅनेज्ड नसेल तर ही मोजणी दिसत नाही. तेव्हा अर्ध्या केबल काढून पाहायचं, त्रास थांबला तर काढलेल्यांतल्या अर्ध्या परत लावायच्या. चाळीस संगणकांत पाच-सहा खेपांत दोषी सापडतो.

निघण्यापूर्वी संगणकांच्या प्रत्येक पोर्टवर एक ओळ घातली:

```
storm-control broadcast level 1.00
```

यामुळे पोर्टच्या क्षमतेच्या एक टक्क्याहून जास्त ब्रॉडकास्ट आला की तो पुन्हा कमी होईपर्यंत स्विच त्या पोर्टवरचा ब्रॉडकास्ट अडवतो. कार्ड पुन्हा कुठे बिघडलं, तरी अडेल तो एकच संगणक.