फोटो नक्की कुठल्या देशातला? रस्त्यावरची पाटी सांगते!

समजा, तुमच्या मित्राला नॉर्वेमध्ये ट्रक ड्रायव्हरची नोकरी मिळवून देतो, असं एका एजंटने सांगितलं. फी भरण्याआधी खात्री वाटावी म्हणून त्याने व्हॉट्सॲपवर एक फोटोही पाठवला. फोटोत ट्रक आहे, मागे झाडी आहे आणि रस्त्याच्या कडेला एक पाटी आहे. "हे बघा, आमचं नॉर्वेतलं काम!" आता हे खरं की खोटं? तुम्ही झूम करा ते ट्रकवर नाही, पाटीवर.

आधी आकार बघा

पाटीवर मूस नावाचा मोठा, शिंगांचा प्राणी आहे. म्हणजे 'पुढे जनावर रस्त्यावर येऊ शकतं' अशी ही सूचना. १९६८ च्या व्हिएन्ना करारात धोक्याच्या पाट्यांसाठी दोन आकारांना मान्यता आहे. एक लाल काठाचा त्रिकोण आणि दुसरा पतंगासारखा उभा पिवळा चौकोन. युरोपात जवळपास सगळीकडे त्रिकोण दिसतो, आयर्लंड हा ठळक अपवाद. अमेरिका आणि कॅनडात मात्र पिवळा पतंग. आपल्या फोटोत त्रिकोण आहे, म्हणजे मूस असलेले अमेरिका आणि कॅनडा इथेच बाद झाले.

मग आतला रंग

त्रिकोणाचा काठ लाल आहे, पण आतला रंग कोणता? नॉर्वेत तो पांढरा असतो. स्वीडन आणि फिनलंडमध्ये पिवळा. बर्फात पांढरी पाटी लवकर दिसत नाही, तिथे पिवळा रंग उठून दिसतो. आपल्या फोटोत तो पिवळा आहे, म्हणजे एजंटच्या गोष्टीत पहिली गडबड सापडली.

पण थांबा, पिवळा त्रिकोण पोलंड आणि ग्रीसमध्येही असतो. तेव्हा त्याच फोटोत वेगमर्यादेची गोल पाटी दिसते का ते शोधा. पोलंड आणि ग्रीसमध्ये लाल कड्याच्या आतली जागा पांढरी असते, स्वीडन आणि फिनलंडमध्ये तीही पिवळी. म्हणजे त्रिकोण आणि गोल दोन्ही पिवळे असले, तर उत्तरेकडचे देश जास्त शक्य. शिवाय पोलंडच्या जंगली प्राण्यांच्या पाटीवर मूस नाही, उडी मारणारं हरीण असतं.

आता अक्षरं

स्वीडन की फिनलंड, हे गावाच्या नावावरून कळतं. फिनिश भाषेत 'आआ', 'इइ' अशी जोडीने येणारी अक्षरं भरपूर असतात. 'ए' या रोमन अक्षरावर छोटं वर्तुळ दिसलं, तर ते स्वीडिश असण्याची शक्यता जास्त. पण एक गोची आहे. फिनलंडमध्ये स्वीडिश बोलणाऱ्यांचीही गावं आहेत. तिथे एकाच पाटीवर दोन नावं असतात, आणि गावात ज्या भाषेचे लोक जास्त, तिचं नाव वर. एकाच गावाची दोन नावं दिसली, तर फिनलंडची शक्यता जास्त. ओलांड बेटं तर फिनलंडची असूनही तिथल्या पाट्या फक्त स्वीडिशमध्ये असतात. म्हणून शेवटी एखाद्या गाडीची नंबरप्लेट बघा. तीन अक्षरं, मध्ये आडवी रेघ आणि मग आकडे असं असेल तर ती फिनलंडची. स्वीडनच्या प्लेटवर ही रेघ नसते.

डोळे कुठे फसतात?

सगळ्यात मोठा धोका रंगाचा. संध्याकाळच्या उन्हात किंवा पिवळ्या दिव्याखाली पांढरी पाटीही पिवळी दिसते. त्यामुळे पाटीचा रंग एकटा बघू नका. त्याच प्रकाशात असलेली दुसरी पांढरी वस्तू शोधा, उदाहरणार्थ रस्त्याच्या कडेचा पांढरा पट्टा किंवा पांढरी गाडी. पट्टा पांढरा आणि पाटी पिवळी दिसत असेल, तर पाटी खरंच पिवळी आहे. दोन्ही पिवळे दिसले, तर तो प्रकाशाचा खेळ असू शकतो. व्हॉट्सॲपवर फोटो बारीक होतो, बारीक अक्षरं फुटतात. म्हणून मूळ फोटो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवायला सांगा.

दुसरं म्हणजे पाटी कशावर लावली आहे ते बघा. स्वीडनची मूसची पाटी पर्यटकांना इतकी आवडते की ती चोरीला जाते आणि तिच्या प्रतिकृती दुकानात विकल्या जातात. त्यामुळे हॉटेलच्या भिंतीवर टांगलेली पाटी काहीच सिद्ध करत नाही. जमिनीत रोवलेल्या खांबावर, रस्त्याकडे तोंड करून उभी असलेलीच पाटी पुराव्यात धरा.

मग एजंट खोटारडा?

लगेच तसं म्हणू नका. नॉर्वे आणि स्वीडनची सीमा लागूनच आहे, नॉर्वेचा ट्रक स्वीडनमध्ये जाऊ शकतो. पाटीवरून फोटो कुठे काढला ते कळतं, कंपनी कुठली ते नाही. पण 'हे नॉर्वेतलं काम' या दाव्याचा पुरावा म्हणून हा फोटो आता चालत नाही. एजंटला विचारा, "हा रस्ता कुठल्या गावाजवळचा?" त्याने गावाचं नाव सांगितलं, की गुगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूमध्ये तो रस्ता उघडा आणि तिथल्या पाट्या फोटोशी ताडून बघा. त्याला नावच सांगता आलं नाही, तर मित्राला सांगा, एक रुपयाही भरू नकोस.