स्लीपिंग बॅगवरचा ‘उणे १०’ नेमके काय सांगतो?

स्लीपिंग बॅगवर ‘उणे १०’ असे छापलेले असले, की बाहेर उणे १० अंश सेल्सिअस असताना त्या बॅगेत निवांत झोप लागेल, असा अर्थ सर्रास लावला जातो. परंतु हा आकडा ‘कम्फर्ट’ आहे, ‘लिमिट’ आहे की ‘एक्स्ट्रीम’, हे कळेपर्यंत त्यावरून काहीच ठरवता येत नाही. हे तीनही आकडे एकाच चाचणीतून निघतात. युरोपात २००२ साली ईएन १३५३७ या मानकाने ती चाचणी ठरवून दिली आणि पुढे त्याची जागा आयएसओ २३५३७ या आंतरराष्ट्रीय मानकाने घेतली. या चाचणीत माणसाच्या त्वचेइतका तापवलेला एक पुतळा, अंगभर पातळ कपडे आणि पायमोजे घालून, बॅगेत घालून थंड खोलीत मॅटवर निजवतात आणि तो तेवढाच गरम राहण्यासाठी किती वीज लागते हे मोजून बॅग उष्णतेला किती अडवते ते काढतात. मोजणी एवढीच, आकडे वेगळे होतात ते, बॅगेत कोण आणि कसे झोपले आहे असे गृहीत धरले जाते त्यावरून.

कम्फर्ट म्हणजे २५ वर्षांची, ६० किलो वजनाची प्रमाण स्त्री अंग सैल सोडून उताणी झोपली असता तिला ज्या तापमानापर्यंत थंडी वाजत नाही ते तापमान. लिमिट म्हणजे त्याच वयाचा, ७० किलो वजनाचा प्रमाण पुरुष अंग आखडून कुशीवर झोपला असता, कुडकुडू लागण्याच्या अगदी काठावर ज्या तापमानात तग धरू शकतो ते. एक्स्ट्रीम या आकड्याला सहा तास जीव वाचण्याची शक्यता एवढाच अर्थ असून त्यात शरीराचे तापमान धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याची भीती गृहीत धरलेली असते, म्हणून खरेदीच्या वेळी तो आकडा विचारातच घेऊ नये. कम्फर्ट बायकांसाठी आणि लिमिट पुरुषांसाठी, ही समजूतही तितकीच चुकीची आहे. दिवसभर चढून थकलेला, विरळ हवेमुळे नीट न जेवलेला, अंगाने किरकोळ पुरुषही रात्रभर आखडून पडण्याऐवजी झोपूच इच्छित असेल, तर त्याने कम्फर्टचाच आकडा पाहावा.

महाराष्ट्रातून हिवाळ्यात अनेक जण उत्तराखंडातल्या केदारकंठ्याला जातात, त्याचेच उदाहरण घेता येईल. सांक्री गाव सुमारे १,९५० मीटरवर आणि शिखराआधीचा वरचा तळ सुमारे ३,४०० मीटरवर आहे. दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश तापमान उतरते, हा ढोबळ हिशेब धरला, तर सांक्रीत रात्रीचा पारा १ अंशावर असताना वर तो उणे ८ च्या आसपास असेल. निरभ्र रात्री थंड हवा खोलगट जागी साचते आणि हा हिशेब चुकू शकतो, म्हणून दोन अंश हाताशी ठेवून कम्फर्ट उणे १० असलेली बॅग निवडणे योग्य. आता ज्या बॅगेचे लिमिट उणे १० आहे, तिचे कम्फर्ट साधारण उणे ४ च्या जवळपास असते, म्हणजे नेमक्या वरच्या तळावर ती तोकडी पडते.

बॅग भारी घेतली की खाली काहीही अंथरले तरी चालते, हा समज तर सर्वांत जास्त रात्री बिघडवतो. शरीराच्या वजनाने पाठीखालचे पीस किंवा धागे दबतात, त्यांत हवा उरत नाही आणि जमिनीची थंडी अडवण्याचे काम जवळजवळ पूर्णपणे मॅटवर येते. मॅटची ही क्षमता ‘आर व्हॅल्यू’ने सांगतात, आणि चाचणीतल्या मॅटची ती पाचच्या जवळ असते, तर ट्रेकला नेहमी वापरली जाणारी फोमची कॅरीमॅट फार तर दोनच्या घरात जाते. तेव्हा बर्फावर एकच कॅरीमॅट अंथरणाऱ्याने बॅगेवरच्या आकड्याची अपेक्षाच धरू नये. छाती गरम पण पाठ आणि कंबर गार पडत असेल, तर दोष बॅगेचा नसून मॅटचा आहे, हे ओळखावे. एकावर एक ठेवलेल्या मॅटच्या आर व्हॅल्यूंची बेरीज होते, म्हणून कॅरीमॅटवर तीनच्या पुढची हवा भरायची मॅट टाकली की कमतरता भरून निघते.

भाड्याच्या बॅगेबाबत आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. मानकातली चाचणी नव्या बॅगेवर होते, आणि वर्षानुवर्षे दाबून भरलेली, घामाने ओलसर झालेली बॅग तेवढी ऊब देत नाही. मानकाचा उल्लेख नसलेला एकच आकडा बॅगेवर असेल, तर तो फार तर लिमिट समजावा. पिसांची बॅग ताब्यात घेताना उलगडून अर्धा तास पसरून ठेवावी. ती फुगून वर आली नाही, किंवा हाताला पिसांच्या गाठी आणि मधे रिकामे कप्पे लागले, तर दुसरी मागून घ्यावी.