तळमजल्याने लिफ्टचे किती द्यायचे?

चाळीस वर्षांपूर्वीच्या तीनमजली सोसायटीत लिफ्टचा विषय निघाला, की तळमजल्यावरून हमखास प्रश्न येतो, ‘आम्ही लिफ्टने जायचं कुठे? गच्चीवर पापड वाळत घालायला?’

वरच्यांचं उत्तर तयार असतं : उपविधींत लिहिलंय, सगळ्यांनी सारखं द्यायचं. हे अर्धंच खरं आहे. महाराष्ट्रातल्या आदर्श उपविधींनुसार लिफ्टची देखभाल, दुरुस्ती आणि ती चालवण्याचा खर्च त्या इमारतीतले सगळे सभासद समान वाटून घेतात, मग ते लिफ्ट वापरोत वा न वापरोत. पण हा नियम असलेल्या लिफ्टचा झाला. नवी बसवायचा खर्च कसा विभागायचा, याचं कोष्टक त्यात नाही. ते सर्वसाधारण सभेत बसूनच ठरवावं लागतं.

इटलीत या भांडणावर कायद्यातच तोड काढली आहे. तिथल्या दिवाणी संहितेच्या कलम ११२४ नुसार जिना आणि लिफ्ट यांच्या देखभालीचा किंवा त्या बदलण्याचा निम्मा खर्च घराच्या मूल्यानुसार आणि निम्मा मजल्याच्या उंचीनुसार वाटला जातो. नव्या लिफ्टलाही हीच रीत उसनी घेता येईल.

समजा, तळमजला अधिक तीन मजले, प्रत्येकी चार सारखे फ्लॅट आणि खर्च १८ लाख. सरसकट वाटले तर प्रत्येकाला १,१२,५००. आता नऊ लाख सोळा घरांत समान वाटा, म्हणजे ५६,२५० झाले. उरलेल्या नऊ लाखांसाठी तळाला शून्य, वरच्या मजल्यांना एक, दोन, तीन असे भाग धरा. असे एकूण चोवीस भाग होतात, एक भाग ३७,५०० चा. तळमजला ५६,२५० वर थांबतो, पहिला ९३,७५० देतो, दुसरा १,३१,२५० आणि तिसरा १,६८,७५०.

तरीही तळमजल्याने अर्ध्या लाखावर का द्यावं? लिफ्टचा खड्डा त्यांच्याच भिंतीलगत खणला जाणार, शाफ्ट त्यांच्याच स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर उभा राहणार. हा तोटा वाटणीत धरला नाही, तर विरोध पैशांसाठी आहे असं वरवर दिसतं आणि खरं कारण खिडकीत अडकलेलं असतं. म्हणून मतदानाआधी नकाशावर शाफ्टची जागा दाखवलेली बरी.

दुसरी अडचण जिन्याची. बाहेरून जोडलेली लिफ्ट बऱ्याचदा दोन मजल्यांमधल्या टप्प्यावरच उघडते. मग तिसऱ्या मजल्यावरच्या गुडघे दुखणाऱ्या आजींनाही आठ-नऊ पायऱ्या चढाव्या किंवा उतराव्या लागतातच, आणि पूर्ण वाटा देणाऱ्यांना ते लिफ्ट बसल्यावर कळतं.

तळमजल्याला पूर्ण वगळायचं ठरलं, तर ठरावात आणखी एक ओळ हवी : पुढे तिथल्या कुणाला किंवा घर विकत घेणाऱ्याला लिफ्ट हवी झाली, तर किती भरून सामील होता येईल? ती नसली, की नवा मालक आणि जुना हिशेब समोरासमोर येतात. शिवाय बांधणीचा वाटा माफ झाला म्हणून दरमहाचा खर्च आपोआप माफ होत नाही. लिफ्ट सुरू झाली, की तोच उपविधी, तेच समान वाटप.