नकारावरून ओळखावा क्रियापदाचा अर्थ

क्रियापदाच्या रूपावरून क्रिया कोणत्या काळात घडते हे जसे कळते, तसा बोलणाऱ्याचा हेतूही कळतो. तो काही सांगतो आहे, करायला लावतो आहे, इच्छितो आहे की कल्पना करतो आहे, हे दाखवणाऱ्या रूपाला मराठी व्याकरणात ‘अर्थ’ म्हणतात. मो. रा. वाळंबे यांच्या ‘सुगम मराठी व्याकरणलेखन’मध्ये आणि शालेय अभ्यासात त्याचे चार प्रकार येतात: स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ आणि संकेतार्थ.

‘दार उघडणे’ ही एकच क्रिया चारही अर्थांत अशी दिसते: ‘तू दार उघडलेस’ हा स्वार्थ, ‘तू दार उघड’ हा आज्ञार्थ, ‘तू दार उघडावेस’ हा विध्यर्थ, तर ‘तू दार उघडले असतेस’ हा संकेतार्थ. चौघांमधला फरक नकारात सर्वांत स्पष्ट होतो, कारण प्रत्येकाचा नकार वेगळा आहे. हीच वाक्ये नकारार्थी केली की अनुक्रमे ‘उघडले नाहीस’, ‘उघडू नकोस’, ‘उघडू नयेस’ आणि ‘उघडले नसतेस’ अशी रूपे मिळतात.

स्वार्थात क्रियापद फक्त काळ दाखवते. ‘तो जातो, गेला, जाईल’ ही साधी विधाने आहेत. ‘तो गेला का?’ हा प्रश्न असला तरी क्रियापद स्वार्थीच राहते.

आज्ञार्थात ‘तू’साठी बहुधा नुसता धातू येतो आणि ‘तुम्ही’साठी ‘आ’ लागतो: बस, बसा, लिही, लिहा. पण हे रूप केवळ हुकमाचे नाही. ‘देवा, मला पाव’ ही प्रार्थना, ‘सुखी हो’ हा आशीर्वाद, ‘मी येऊ का?’ ही परवानगीची विचारणा, तर ‘देव तुझे भले करो’ ही सदिच्छा आहे. शेवटच्या प्रकारात मात्र नकाराची कसोटी थोडी बदलते. ‘असे न होवो’ असे म्हणतात, तिथे ‘नको’ चालत नाही.

विध्यर्थाची खूण म्हणजे ‘वा, वी, वे’. त्यातून कर्तव्य, इच्छा आणि शक्यता असे निरनिराळे भाव निघतात आणि त्यांची वाक्यरचनाही बदलते. कर्तव्य सांगताना कर्त्याला बहुधा ‘ने’ किंवा ‘नी’ लागतो. कर्म प्रत्ययाशिवाय असेल, तर क्रियापद त्याच्या लिंगवचनाप्रमाणे बदलते: ‘त्याने ग्रंथ वाचावा’, ‘त्याने पोथी वाचावी’, ‘त्याने पुस्तक वाचावे’. इच्छा किंवा शक्यता सांगताना मात्र कर्ता बिनप्रत्ययाचा राहू शकतो: ‘आज पाऊस पडावा’, ‘तो घरी पोचला असावा’. म्हणून ‘त्याने यावे’ म्हटले की त्याच्याकडे काम सोपवल्यासारखे वाटते, तर ‘तो यावा’ म्हटले की वाट पाहणाऱ्याची इच्छा कळते.

नकारातही हा भेद टिकतो. कर्तव्य आणि इच्छा यांना ‘नये’ लागते: ‘खोटे बोलू नये’, ‘आज पाऊस पडू नये’. शक्यतेला ‘नसावा’ लागते: ‘तो अजून पोचला नसावा’. आदराने किंवा आडून सांगायचे असेल, तर आज्ञार्थाच्या जागी विध्यर्थ येतो. निमंत्रणपत्रिकेत ‘अगत्य येण्याचे करावे’ असते आणि सूचनाफलकावर ‘चपला बाहेर काढाव्यात’. हेतू करायला लावण्याचाच, पण रूप विध्यर्थाचे.

संकेतार्थात अट घातलेली असते, आणि बहुधा ती पुरी झालेली नसते: ‘पाऊस पडला असता तर पीक आले असते’. म्हणजे पाऊस पडला नाही आणि पीकही आले नाही. पण ‘जर-तर’ दिसले की संकेतार्थ, असे नाही. ‘पाऊस पडला तर पीक येईल’ या वाक्यात अट आहे, तरी ‘पडला’ आणि ‘येईल’ ही रूपे स्वार्थाची आहेत. तिथे पाऊस पडण्याची आशा शिल्लक आहे. ‘असता’मुळे गोष्ट भूतकाळातलीच ठरते असेही नाही. ‘उद्या तू आला असतास तर बरे झाले असते’ हे वाक्य उद्याबद्दलच आहे.

संकेतार्थ आणि वर्तमानकाळ यांची गल्लत प्रथमपुरुषात होते. ‘मी घरी असतो’ हा स्वार्थ आणि ‘मी घरी असतो तर दार उघडले असते’ हा संकेतार्थ, दोन्हीकडे रूप एकच. अशा वेळी कर्ता बदलून पाहावा. ‘तो घरी असतो’, पण ‘तो घरी असता तर’; ‘ती असते’, पण ‘ती असती तर’; ‘ते असतात’, पण ‘ते असते तर’. तृतीयपुरुषात रूपे वेगळी होतात आणि संकेतार्थ लगेच ओळखू येतो.